काचेतला डाग

त्यांचं खरं नाव स्टुडिओच्या परवान्यावर आहे, आणि ते तिथेच सुखात आहे. बाकी सगळा रस्ता त्यांना खोडरबरकाका म्हणतो. पुटकुळ्या असोत, सुरकुत्या असोत, लग्नाच्या फोटोत मागे उभं राहून नाक खाजवणारा पाहुणा असो, काकांच्या हाताखालून गेलं की फोटोत राहत नाही. आधी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल आणि तीन केसांचा ब्रश घेऊन हे काम चालायचं. मग कॉम्प्युटर आला आणि काका सहा महिने रुसून बसले. त्या सहा महिन्यांत काकूंनी पुस्तक समोर ठेवून सगळं शिकून घेतलं आणि मग नवऱ्याला शिकवलं. काका हे कुणाला सांगत नाहीत. काकू सगळ्यांना सांगतात.

कॉम्प्युटर हातात बसल्यावर काकांनी पहिलं मोठं काम केलं ते स्वतःच्या लग्नाच्या फोटोचं. चार दिवस खपून त्यांनी जुन्या प्रिंटवरचे ओरखडे काढले, पिवळेपणा घालवला, आणि ओघाओघात काकूंच्या हनुवटीखालचा तीळही. काकूंनी फोटो बघितला, चष्मा लावून परत बघितला आणि विचारलं, "हिच्याशी कधी केलंत लग्न?" त्यानंतर चार दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. पाचव्या दिवशी तीळ जागेवर आला. तो फोटो अजून काउंटरच्या मागे लावलेला आहे, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला काकू ही गोष्ट ऐकवतात. काका तेवढ्या वेळात मागच्या खोलीत काहीतरी शोधायला जातात.

या काकांना जगात एकाच गोष्टीची भीती आहे, ती म्हणजे सुई. आणि साखर वाढल्यापासून दर महिन्याला त्यांना कोपऱ्यावरच्या तपासणी केंद्रात रक्त द्यायला जावं लागतं. तिथे रक्त घेणारी एक चाळिशीला टेकलेली बाई आहे. काका तिला सुईवाली म्हणतात, तोंडावरसुद्धा. तिचा हात इतका हलका की काका तिच्याशिवाय कुणासमोर बाही वर करत नाहीत. ती रजेवर असली तर काका तसेच घरी येतात आणि केंद्र बंद होतं असं काकूंना सांगतात. सुई टोचायच्या आधी ती नेहमी एकच वाक्य म्हणते, "काका, दुसरीकडे बघा, झालंच." काका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतात आणि खरंच होऊन जातं.

तर ही सुईवाली एका दुपारी स्टुडिओत आली. पर्समधून तिने एक लिफाफा काढला, लिफाफ्यातून एक लहान फ्रेम, आणि फ्रेममधून फोटो काढून काउंटरवर ठेवला.

फोटो मधून मोडलेला होता. म्हणजे तिने डावीकडचा भाग मागे दुमडून फ्रेममध्ये घातला होता आणि उरलेल्या अर्ध्यात ती एकटी, मान कलती करून, अगदी पोट धरून हसावं तशी हसत होती. फक्त तिच्या उजवीकडच्या खांद्यावर चार बोटं होती. बोटांना धनी नव्हता.

काकांनी घडी उलगडली. डावीकडे लाल शर्टातला एक उंच माणूस निघाला. त्याचा एक हात तिच्या पाठीमागून जाऊन पलीकडच्या खांद्यावर आला होता, आणि ती पूर्ण भार टाकून त्याच्यावर रेलली होती.

"हा काढायचा," ती म्हणाली.

"भांडून गेला का गं?" काकूंनी विचारलं. काकूंना आडपडदा माहीत नाही.

"नाही हो काकू. वाईट नव्हता बिचारा. सात वर्षं झाली वेगळे होऊन, त्याचं त्याचं छान चाललंय. पण भिंतीवर नको ना आता." तिने फोटोच्या कडेवरून बोट फिरवलं. "मोबाइलवर करून बघितलं मी. मोबाइलने त्याला काढलं आणि मला तिसरं कोपर दिलं."

"मग एकटीचा दुसरा एखादा फोटो लाव की," काका म्हणाले. गिऱ्हाईक परत पाठवण्याची ही त्यांची जुनी खोड आहे. काकूंचा त्यावर राग आहे.

सुईवाली म्हणाली, "हा आईने काढलाय. काका, आमच्या घरात फोटो काढायची ती आईच. त्यामुळे तिचा स्वतःचा एक फोटो धड नाही. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती आत्ताच पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. तो काय लावायचा? म्हटलं, आई नाही तर निदान आईने काढलेलं काहीतरी असू दे घरात. आणि हसणारी मी फक्त हिच्याच फोटोत आहे. ती एक, दोन, तीन म्हणायची ना, त्यातलं तीन कधी आलंच नाही. दोनलाच बटण दाबायची. आपण तीनसाठी तोंड नीट करून बसलेलो, आणि ही मोकळी! मग सगळे हसायचे. त्या हसण्याचा आणखी एक काढायची."

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. ज्या घरात हा फोटो काढला तेही विकलं गेलं होतं. काकांनी फोटो उचलला आणि खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. डोळे दाखवायचे नसले की ते फोटो उजेडात धरतात, हे काकूंना माहीत आहे.

काम वरवर दिसतं तसं सोपं नसतं. माणूस पुसणं हे त्यातलं सगळ्यात हलकं काम. खरा घोर पुढे सुरू होतो, कारण माणूस गेला की त्याच्या मागे काय होतं ते कॅमेऱ्याने कधी बघितलेलंच नसतं. ते आपल्याला उभं करावं लागतं. शिवाय गेलेला माणूस एकटा जात नाही. त्याची सावली मागे राहते, त्याच्या हाताने चुरगळलेलं कापड राहतं, त्याच्या कपड्याचा रंग शेजारच्या अंगावर राहतो.

काकांनी फोटो स्कॅन करून मोठा केला. मूळ चित्र सगळ्यात खाली तसंच ठेवून, त्यावर कोरा थर घेऊन ते कामाला लागले. मुळाला हात लावायचा नाही, जे करायचं ते वरच्या थरावर, हा त्यांचा शिरस्ता आहे. निगेटिव्ह एकदा खरवडली की गेली, त्या काळातल्या धाकाचा तो उरलेला भाग. आधी त्यांनी घडीची रेघ भरली. मग लाल शर्ट गेला. मग ती चार बोटं. बोटांखाली कापडाच्या चुण्या ओढल्या गेल्या होत्या, त्यांच्यासाठी दुसऱ्या खांद्याचं कापड उचलून उलटं करून बसवलं. ते उलटं केल्यावर त्यावरचा उजेडही उलटला, तो पुन्हा सरळ करत बसावं लागलं. तिचे सुटलेले केस त्याच्या शर्टावर पसरले होते, ते एकेक करून कॉम्प्युटरच्या पेनाने रेखाटून घेतले. सगळं झाल्यावर चित्र आरशासारखं उलटं करून बघितलं. उलट्या चित्रात डोळ्याला चूक लगेच सापडते. आणि सापडलीच. तिचा डावीकडचा गाल नको तितका लाल होता. माणूस गेला होता, पण त्याच्या शर्टावरून परतलेला उजेड अजून तिच्या गालावर बसून होता. काकांनी तो लालपणा थोडाथोडा कमी केला. पूर्ण काढला असता तर बाई आजारी दिसली असती.

डावीकडची मोकळी जागा त्यांनी साध्या भिंतीने भरून काढली. आता एकच अडचण उरली. ज्याच्यावर ती रेलली होती तोच गेल्यामुळे बाई आता पडत होती. वाऱ्यावर रेललेलं माणूस कुणी बघितलंय? काकांनी थोडा विचार केला आणि तिला कंबरेतून फिरवून सरळ उभी केली. डावीकडचा दिसत नसलेला हात शरीरालगत खाली सोडला. स्वतःवर खूष होऊन त्यांनी दोन कप चहा केला, म्हणजे एक कप काकूंनाही मिळाला.

दुसऱ्या दिवशी सुईवाली आली. पडद्यावर बघून तिने आधी कौतुक केलं. जोड कुठे आहे ते शोधायला गेली आणि तिला तो सापडला नाही. मग ती मागे सरकली, पुन्हा पुढे आली.

"छान झालाय, काका. पण ही बाई कोण?"

काकू काउंटरमागे इतक्या हसल्या की त्यांना स्टूल धरावं लागलं. "अगं, यांची सवयच आहे ती," त्या म्हणाल्या, आणि तिळाची गोष्ट पुन्हा एकदा साग्रसंगीत सांगून झाली. या वेळी काकांना मागच्या खोलीत पळता आलं नाही.

"सरळ नसती केली तर पडली असतीस गं." काका पुटपुटले. "रेलायला काहीतरी हवं. तिथे मागे काय होतं?"

"आईचं कपाट होतं. काचेचं, कपबशांचं. त्याला कमरेइतकी एक फळी होती पुढे आलेली. मी येता-जाता तिच्यावर कोपर टेकायचे आणि आई ओरडायची."

"मग ते कपाट कुठल्या तरी फोटोत असेलच. मी मनाने कपाट काढून देईन, पण ते तुझ्या आईचं नसेल. घरी जा आणि फोटोंचे डबे उपस."

डबे उपसायला तिला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी ती जवळजवळ पळतच आली. तिच्या हातात त्याच दिवसाचा दुसरा फोटो होता. लाल शर्टवाल्याला बहुधा कुणाचा तरी फोन आला असावा, तो चौकटीतून बाहेर गेला होता. सुईवाली तिथेच होती, डोळे मिटलेले, एका हाताने तोंड झाकलेलं, चेहरा हललेला. लावण्यासारखा फोटो नव्हताच तो. पण तिचा डावीकडचा हात कपाटाच्या फळीवर कोपरापर्यंत टेकलेला होता, आणि डावीकडे सगळं कपाट स्वच्छ दिसत होतं. काकांनी तो फोटो दोन्ही हातांत धरला. बाळंतीण सुखरूप सुटली अशा चेहऱ्याने ते काकूंकडे बघून हसले.

त्यांनी पहिलं काम बाजूला सारलं आणि पुन्हा मुळापासून सुरुवात केली. दुसऱ्या वेळी आईने कॅमेरा घेऊन अर्धं पाऊल हलवलं होतं, त्यामुळे कपाटाच्या रेघा या फोटोशी जुळेनात. काकांनी चारही कोपरे धरून कपाट हळूहळू ओढत जुळवलं. फळी फळीला मिळाली. मग तिचा तो टेकलेला हात उचलून आणला. दंडावर जोड येऊ नये म्हणून तो बाहीच्या चुणीत लपवला. कोपराखाली फळीवर सावली घातली, नाहीतर हात फळीवर न टेकता तरंगला असता. आता बाई आपली कलती, भार टाकून, हसत उभी होती, आणि भाराखाली आईची फळी होती.

शेवटी उरलं ते कपाटाच्या काचेचं. काचेवर, साधारण त्या माणसाचं डोकं होतं त्या जागी, एक मळकट डाग होता. खिडकीचा उजेड, त्यात काहीतरी राखाडी, मध्ये एक चमकता ठिपका. काचेवरचं असलं काही दिसलं की काकांचा हात विचार करत नाही. चाळीस वर्षं त्यांनी काचांवरच्या चमका, आरशांवरचे डाग, चष्म्यांवरचा उजेड पुसलाय. शेजारची स्वच्छ काच उचलली, डागावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. दोन मिनिटांत काच लख्ख झाली. आतल्या कपबशा ओळीने दिसू लागल्या. काकांनी प्रिंट काढली, वाळायला ठेवली आणि काकूंना हाक मारली.

काकूंनी प्रिंट बघितली. मान डोलावली. मग त्यांनी टेबलावरचा तो दुसरा जुना फोटो उचलला आणि भिंग घेतलं. काका पडद्यावर बघतात, काकूंचा विश्वास अजून भिंगावर आहे.

"अहो, काचेत काय होतं हे?"

"डाग होता. काढला."

"डागाला घड्याळ असतं का हो?"

काकांनी भिंग ओढून घेतलं. मग भिंग टाकून पडद्यावर त्या फोटोची मूळ प्रत उघडली आणि काचेचा तेवढाच भाग मोठा केला, आणखी मोठा केला. राखाडी आकाराला खांदे फुटले. चमकता ठिपका म्हणजे कॅमेऱ्याची काच होती. कॅमेरा धरणाऱ्या मनगटावर घड्याळ होतं, आणि कॅमेऱ्याच्या खाली अर्धा चेहरा. त्या चेहऱ्याचं तोंड काहीतरी बोलण्यासाठी उघडं होतं.

काका खुर्चीत मागे टेकले. "अगं, मी तिच्या आईलाच पुसलं," ते म्हणाले. "त्या पोरीने सांगितलं काय, मी केलं काय! नवऱ्याला काढायला दिला आणि मी..."

"मूळ आहे ना खाली? मग रडता कशाला? आणा परत." काकूंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "माझा तीळ आणलातच की."

काकांनी वरचा थर काढला आणि डाग जागेवर आला. आता तो डाग नव्हता. तो एकदा दिसल्यावर, इतके दिवस दिसला कसा नाही याचंच त्यांना नवल वाटत होतं. साहजिकच हात शिवशिवले. जरा गडद केलं असतं तर चेहरा उठून दिसला असता, डोळ्यांच्या जागी थोडी रेघ ओढली असती तर अजून छान झालं असतं. पेन कॉम्प्युटरला जोडलेल्या पाटीवर टेकलंसुद्धा.

"हात लावू नका," काकू मागून म्हणाल्या. "डोळे तुम्ही काढलेत तर ते तुमचे होतील."

काकांनी पेन खाली ठेवलं. चाळीस वर्षांत न पुसता आणि न रंगवता सोडलेली ती पहिली जागा असावी.

संध्याकाळी कामावरून सुटून सुईवाली आली. काकांनी नवी प्रिंट मुद्दाम पालथी ठेवली होती. बोलायचं काय ते त्यांनी दुपारभर ठरवलं होतं, आणि ती समोर आल्यावर त्यातलं काही आठवेना. त्यांनी प्रिंट उलटली.

ती आधी स्वतःकडेच बघत राहिली. हसली. "हां, ही मी. आणि आईची फळी! काका, कोपर टेकलंय बघा, आता ओरडा बसणार." मग तिने फोटोतल्या खांद्यावर बघितलं, जिथे चार बोटं होती. तिथे नुसतं कापड होतं. तिने त्यावरून हलकेच अंगठा फिरवला आणि एक मोठा श्वास सोडला. "गेला. सुखात राहो."

"तुला एक सांगायचंय," काका म्हणाले. "माझ्याकडून चूक झाली होती. आज मी काचेवरचा एक डाग पुसला. तुझ्या काकूने पकडलं म्हणून बरं. ते दुसऱ्या फोटोतलं आहे, हसण्याच्या नंतरच्या क्षणाचं, ते मी लपवत नाही तुझ्यापासून. पण घर तेच, दिवस तोच. काचेत बघ."

"कुठे?"

"तू मला नेहमी दुसरीकडे बघा म्हणतेस. आता इकडे बघ. या कपबशांच्या वर."

तिने बघितलं. काकूंनी भिंग तिच्या हातात दिलं. बाहेर एक बस थांबली, दोन माणसं उतरली, बस गेली. सुईवालीचं भिंग काचेवरून हललं नाही. मग तिच्या खांद्यांना हिसका बसला, आणि काकांना क्षणभर कळेना की ती हसतेय की रडतेय. ती दोन्ही करत होती.

"आई आहे," ती म्हणाली. "घड्याळ उलटं घालायची ती, आतल्या बाजूला. बघा ना, आतल्या बाजूला आहे." आणि थोड्या वेळाने, "तोंड बघा तिचं. ती मोजतेय."

काकू काउंटरला वळसा घालून आल्या आणि तिला जवळ घेतलं. काका प्रिंट उजेडात न्यायला निघाले, पण प्रिंट तिने घट्ट धरली होती. मग ते नुसतेच जाऊन खिडकीपाशी उभे राहिले.

फोटो आता तिच्या घरात दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणारे जाणारे म्हणतात, किती छान हसतेस. ती म्हणते, आईचा फोटो आहे तो. लोकांना वाटतं तिला म्हणायचंय आईने काढलेला. जे जवळ जाऊन बघतात त्यांनाच कळतं.

पुढच्या महिन्यात काका तपासणी केंद्रात गेले. बाही वर केली, दंडाला पट्टा आवळून घेतला आणि नेहमीप्रमाणे भिंतीवरच्या घड्याळाकडे तोंड फिरवलं. या वेळी सुईवाली दुसरीकडे बघा म्हणाली नाही.

"काका, मी मोजते. तीनला टोचणार, तयार राहा. एक. दोन."

काकांनी दात आवळून तीनची वाट पाहिली. मग वळून बघितलं तर कापूस लावून झाला होता, आणि ती नळीवर त्यांचं नाव लिहीत हसत होती.